नव्या गांडूळ खताचं नाव आणि घोषवाक्य: 'काळी आई' की 'वाफसा'?

गटाची सचिव: आमचा महिला बचत गट गांडूळ खताची ४० किलोची गोणी बाजारात आणतोय. गिऱ्हाईक एक-दोन एकरवाले. दोन जोड्या निघाल्या आहेत: 'काळी आई – युरियाला रामराम' आणि 'वाफसा – जैविक खत'. कोणती घ्यावी? गोण्या छापायला टाकायच्यात.

बांधावरचा: डोळे झाकून 'काळी आई'. नाव ऐकलं की हात जोडले जातात. आणि 'युरियाला रामराम' तर झकासच, लोक युरियाला कंटाळलेत.

निवृत्त कृषी सहायक: नावाचं नंतर बघू, आधी तो 'रामराम' काढा. तुमच्या खतात एक टक्का नत्र धरलं तर ४० किलोच्या गोणीत ४०० ग्रॅम नत्र झालं. युरियाची गोणी ४५ किलोची आणि त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. एका युरियाच्या गोणीला तुमच्या जवळपास ५२ गोण्या लागतील. एकरवाला माणूस घोषवाक्यावर विश्वास ठेवून तीन-चार गोण्या टाकणार आणि युरिया बंद करणार. मग महिनाभरात खालची पानं पिवळी पडायला लागतात. तो तुमच्या दारात येतो आणि त्याचं बरोबरच असतं. खत चांगलं असूनही नाव जातं ते असं.

कपाशीवाला: माझ्या बाबतीत अगदी हेच झालं. गोणीवर 'रासायनिक खताची गरज नाही' असं मोठ्या अक्षरात होतं. कोणाची गोणी ते सांगत नाही. तीन एकरांत बारा गोण्या टाकल्या, युरियाला हात लावला नाही. पातं लागायच्या वेळी झाडं खालून पिवळी. दुकानदार म्हणाला, 'माती सुधारायला वेळ लागतो.' अरे, मग ते गोणीवर लिहायचं ना!

बांधावरचा: बरं, 'रामराम' मागे घेतो. पण 'जैविक' ठेवा. 'सेंद्रिय' म्हणायला जड आहे.

निवृत्त कृषी सहायक: जड आहे हे खरं, तरी 'जैविक' नको. हिंदीत ऑरगॅनिकला जैविक म्हणतात, तिथून ते आपल्याकडे आलं. आपल्याकडे जैविक खत मागितलं की दुकानदार रायझोबियम नाहीतर पीएसबीचं पाकीट काढतो. खत नियंत्रण आदेशातही जिवाणू खतं आणि सेंद्रिय खतं वेगवेगळ्या परिशिष्टांत आहेत, त्यांची प्रमाणकंही वेगळी. तुम्ही दोन्ही शब्द टाळून सरळ 'गांडूळ खत' लिहा, ते पोरालाही कळतं. घोषवाक्य मी असं करीन: 'युरिया पिकाला, हे मातीला'.

कृषी केंद्रवाला: स्वतःच्या गोणीवर युरियाची फुकट जाहिरात? पैसे देऊन छापलेल्या जागेत दुसऱ्याचं नाव नको. 'माती भुसभुशीत, ओल टिकून' एवढं पुरे. शेतकरी दोन हंगामांनी ढेकूळ हातात फोडून स्वतःच खात्री करील.

निवृत्त कृषी सहायक: ओल टिकते म्हणालात तर किती गोण्यांनी, तेही सांगावं लागेल. एकरी दोन गोण्यांत ढेकूळ फुटत नाही. माझं वाक्य निदान खोट्या आशेला लावत नाही.

नैसर्गिक शेतीवाला: 'वाफसा'वर माझा आक्षेप आहे. पाळेकर पद्धतीच्या चार खांबांपैकी एक वाफसा: बीजामृत, जीवामृत, आच्छादन, वाफसा. आणि पाळेकरांचा गांडूळ खताला, त्यातल्या परदेशी गांडुळांना, उघड विरोध आहे. त्याच खताच्या गोणीवर हा शब्द बघून आमच्यातला माणूस भांडेल.

बांधावरचा: वाफसा पाळेकरांच्या आधीपासूनचा आहे हो. आजोबा पाऊस उघडला की 'वाफसा आला का बघ' म्हणून रानात पाठवायचे.

दापोलीचा बागायतदार: तुम्ही सगळे देशावरचे. आमची माती जांभ्याची, लाल. कलमांच्या आळ्यात टाकायच्या खतावर 'काळी आई'? घाटाखाली ही गोणी परकी वाटेल.

नवखा: ताई, गांडुळं कुठे मिळतील? आणि किलोचा भाव काय?

कृषी केंद्रवाला: भावाचं त्यांना खासगीत विचारा. नावाबद्दल अनुभवाचं सांगतो. गिऱ्हाईक पूर्ण नाव क्वचित घेतं. 'दहा सव्वीस सव्वीस द्या' म्हणतं, नाहीतर 'सुफला द्या'. सुफला तीन अक्षरांचं, जिभेवर बसलेलं. त्या हिशेबाने 'वाफसा' दुकानात चालेल. 'काळी आई द्या' म्हणताना माणूस जरा अडखळतो. दुसरं म्हणजे थप्पीत गोणीची फक्त कड दिसते. नाव कडेलाही छापा, नाहीतर पोऱ्या दुसऱ्याचीच गोणी ओढतो.

निवृत्त कृषी सहायक: आणि छापण्याआधी व्यापारचिन्हाच्या वर्ग १ मध्ये दोन्ही नावं शोधा. खतं त्याच वर्गात येतात. दोन्ही शब्द रोजच्या बोलण्यातले, कोणी आधीच घेतलेले असू शकतात.

गटाची सचिव: 'रामराम' आणि 'जैविक' दोन्ही खोडले. गटात आत्ता 'वाफसा'ला सात, 'काळी आई'ला पाच. अध्यक्षीणबाई 'काळी आई'च्या बाजूने अडून बसल्यात, आणि छपाईवाल्याला आगाऊ रक्कम त्यांनीच दिलीय.