रस्सा चालतो, भाताचे शीत चालत नाही : न खाणाऱ्या लहानग्यांचे अनुभव

मंगळवार पेठेतली आई

माझी मुलगी आता तीन वर्षांची आहे. ती सव्वादोन वर्षांची असताना आमच्या घरात जे चालले होते ते आधी मांडते आणि मग तुमचे अनुभव विचारते.

तिला भरवायला एका वेळी पाऊण तास लागत असे. सासूबाईंचे म्हणणे होते की नात लाडावली आहे, आणि माझेही मत फारसे वेगळे नव्हते. त्यात एक विचित्र गोष्ट होती, जिचा अर्थ आमच्यापैकी कोणालाच लागला नाही. रविवारी घरी मटण झाले की ती वाटीभर पांढरा रस्सा आवडीने प्यायची, तांबड्या रश्श्यात बोट बुडवून चाटायची आणि तिखट लागले तरी पुन्हा मागायची. मात्र त्याच रश्श्यात भाताचे एक शीत आले, तरी तिला ओकारीची उबळ येई आणि पोटातले सगळे बाहेर पडे. चवीला नखरे करणारे मूल तांबडा रस्सा कसे मागेल, हा प्रश्न आम्हाला तेव्हा पडायला हवा होता.

अंगणवाडीच्या सेविकाताईंनी तिच्या कार्डावरचे टिंब जोडून दाखवले, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. वर्षाची असताना वजन 8.6 किलो होते, दीड वर्षाला 9.3 झाले आणि सव्वादोन वर्षांना 9.5 किलो. त्या वयात नऊ महिन्यांत पावणेदोन किलोच्या आसपास वजन वाढायला हवे होते आणि तिचे 200 ग्रॅम वाढले होते. ताई म्हणाल्या, “बाळ अजून हिरव्या पट्ट्यात आहे, पण पट्टा बघू नका, रेष बघा. रेष आडवी झाली आहे.”

आधीच्या एका दवाखान्यात आम्हाला भूक वाढवण्याचे टॉनिक आणि जंताचे औषध मिळाले होते. दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र रक्त तपासले, उलट्या, बद्धकोष्ठता आणि वारंवार होणारा खोकला यांविषयी बारकाईने विचारले आणि मग ‘तिचे खाणे कोणीतरी डोळ्यांनी पाहायला हवे’ असे सांगून पुण्यातल्या एका वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवले. बोलण्याचा आणि जेवणाचा काय संबंध, असे मला वाटले होते. जीभ, ओठ आणि जबडा दोन्हीकडे तेच असतात, हे तिथे गेल्यावर कळले.

त्यांनी तिला तीन गोष्टी दिल्या आणि शांतपणे पाहत बसल्या. दही तिने सहज गिळले. पातळ बिस्किट तिने टाळूला दाबून चोखले आणि ते विरघळेपर्यंत तोंड हलवलेच नाही. तूप लावलेल्या मऊ चपातीचा तुकडा मात्र जिभेवर नुसता पुढे-मागे होत राहिला. जीभ तो बाजूला, दाढांकडे नेतच नव्हती. दोन मिनिटांनी ओला गोळा घशाजवळ गेला आणि उबळ आली. तज्ज्ञ म्हणाल्या, “तिला खायचे नाही असे नाही. तिला चावता येत नाही, आणि न चावलेला घास घशाशी गेल्याची तिला भीती बसली आहे.”

आठव्या महिन्यात तिला एकदा जोरात ठसका लागला होता. त्या धसक्याने मी पुढे दीड वर्षापर्यंत सगळे मिक्सरला फिरवून दिले. घास बाजूला न्यायला जीभ शिकते ती साधारण त्याच काळात.

उपचाराची सुरुवात घासाने झालीच नाही. गाजराची बोटाएवढी लांब आणि जाड कांडी मी हातात धरून तिच्या दाढेच्या जागी बाजूने टेकवायची आणि तिने फक्त कुरतडायची, तुकडा तोडायचा नाही, असे पहिले दोन आठवडे चालले. हे सर्व तज्ज्ञांनी हाताला धरून शिकवले होते, म्हणून कोणी वाचून घरी करू नये. नंतर तोंडात आपोआप विरघळणारे मक्याचे लांबट पफ आले, तेही दाढेवरच ठेवायचे. मग उकडलेल्या बटाट्याची कांडी, मग इडली, मग चपाती. एकेका पायरीला दोन-तीन आठवडे गेले. जेवण जास्तीत जास्त अर्धा तास, आणि घास थुंकला तरी कोणी काही बोलायचे नाही, असा नियम होता. आज तिचे वजन 11.6 किलो आहे.

तुमच्या मुलांमध्ये हा नुसता नखरा नाही, हे तुम्हाला कशावरून आणि केव्हा कळले?

शाहूपुरीचे आजोबा

मुलगी सुधारली हे वाचून बरे वाटले, परंतु एवढ्या लांबच्या वाऱ्या प्रत्येकाने कराव्यात असे मला वाटत नाही. आम्ही चार मुले वाढवली. मूल खात नसेल तर ताट उचलायचे आणि मधल्या वेळी काहीही द्यायचे नाही, पुढच्या जेवणाला ते आपसूक खाते. वर्षानंतर मुलांची भूक कमी होते, कारण पहिल्या वर्षात जन्माच्या तिप्पट होणारे वजन दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोच वाढते. आया मात्र पहिल्या वर्षाचा हिशोब धरून बसतात आणि मुलामागे वाटी घेऊन धावतात.

गंगावेशीतली सून

आजोबांचे निम्मे म्हणणे आमच्या घरी अगदी तंतोतंत खरे ठरले, म्हणून लिहिते. आमचा मुलगा दोन वर्षांचा असताना जेवणाला तोंड लावत नसे. आमच्याकडे दुधाचा कट्टा घराजवळ असल्याचा अभिमान असा, की सकाळी आणि संध्याकाळी म्हशीचे धारोष्ण दूध आणून, उकळून, दिवसभरात त्याला लिटरभर तरी पाजले जाई. ‘काही खात नाही, निदान दूध तरी पितो’ हे आमचे समाधान होते. डॉक्टरांनी हिशोब मांडला की म्हशीच्या लिटरभर दुधात साधारण 1000 कॅलरी असतात आणि एवढ्या मुलाची दिवसाची गरजच जवळजवळ तेवढी असते. त्याला भूक लागायला जागाच नव्हती. शिवाय दुधात लोह नगण्य, त्यामुळे हिमोग्लोबिन 7.8 आले, आणि लोह कमी झाले की उरलीसुरली भूकही जाते. दूध 400 मिलीवर आणले, बाटली बंद करून पेल्याने द्यायला लागलो, लोहाचे औषध दुधापासून लांबच्या वेळी दिले. पहिले दहा दिवस घरात रडारड होती, पण दीड-दोन महिन्यांत तो आमटी-भात मागून खाऊ लागला. त्याला चावता येत होतेच, म्हणून एवढ्यावर भागले.

कसबा बावड्याचे बाबा

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि वांगे, दोडका, कारले अजिबात खात नाही. बाकी मटण, अंडी, उसळी, भाकरी सगळे खातो आणि दिवसभर सायकल फिरवतो. वजन वाढवण्यासाठी कोणते टॉनिक चांगले, हे कोणी सांगेल का?

मंगळवार पेठेतली आई

दादा, हा मजकूर दोन-तीन वर्षांच्या मुलांविषयी आहे, आणि तुम्ही लिहिलेली यादी वाचून मला तुमच्या मुलाचा हेवाच वाटला. माझी मुलगी तेव्हा एकूण अकरा पदार्थ खात होती आणि त्यातले नऊ वाटीत ओतता येतील असे होते.

वाचा-उपचार करणारी, सांगली

मी या मुलांबरोबर काम करते. आजोबा, तुमचा उपाय साध्या हट्टी मुलांना लागू पडतो, कारण त्यांची भूक शाबूत असते आणि तोंडही नीट चालते. ज्या मुलाला चावता येत नाही, गिळताना त्रास होतो किंवा ज्याच्या घशाशी आंबट येते, ते उपाशी ठेवले तरी खात नाही, नुसते वाळत जाते. अशी मुले भूक असूनही नकार देतात, आणि घरच्यांना तो हट्टच दिसतो.

मी पालकांना वजनाच्या आधी पदार्थांची यादी करायला सांगते. कोणता पदार्थ नको, यापेक्षा सगळ्या नको असलेल्या पदार्थांत समान काय आहे ते त्यातून दिसते. भेंडी नको पण बटाटा हवा, ही आवड झाली. प्रत्येक दाणेदार पदार्थ नको आणि प्रत्येक गुळगुळीत पदार्थ हवा, ही बहुधा अडचण असते. दुसरे म्हणजे नखरेल मूल एखादा पदार्थ सोडते आणि महिन्याभराने पुन्हा खाते. काळजीच्या मुलांची यादी आटतच जाते, सोडलेला पदार्थ परत येत नाही आणि वीसच्या खाली यादी गेलेली मुले मी तपासल्याशिवाय सोडत नाही.

पाणी किंवा दूध पिताना नेहमी ठसका लागणे, प्याल्यावर आवाज घोगरा ओला येणे आणि छातीत वारंवार कफ होणे, या तिन्हींसाठी मात्र यादी करत बसू नका. त्यात अन्न श्वासनलिकेत जाण्याची शक्यता असते, तेव्हा त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

मंगळवार पेठेच्या ताई, मिक्सरसाठी स्वतःला दोष देऊ नका. दीड वर्षापर्यंत मिक्सर चालवलेली किती तरी मुले पुढे आपोआप चावायला शिकतात, तुमची शिकली नाही, एवढेच.

उचगावची आई

आमचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. तो पांढरा भात, दूध, साखर घातलेला शिरा आणि एका ठरावीक पुड्यातले बिस्किट एवढेच खातो. तेच बिस्किट डब्यात काढून दिले तर ओळखीचे नाही म्हणून फेकतो, तुटलेले बिस्किटही चालत नाही. कडक बिस्किट तो कडाकडा चावतो, म्हणजे चावण्याचा प्रश्न नाही. वजन अगदी व्यवस्थित आहे, त्यामुळे घरी सगळे मला वेड्यात काढतात. नावाने हाक मारली तर तो कमी वेळा बघतो, शब्द सहा-सातच आहेत. एकदा मोबाईलवर गाणी लावून भाजी भरवली, त्यानंतर त्याने चार दिवस भातही सोडला.

वाचा-उपचार करणारी, सांगली

ताई, वजन व्यवस्थित असले म्हणून ही बाब सोडून देण्यासारखी नाही. चार पदार्थांवर पोट भरते, पण लोह, जीवनसत्त्वे आणि प्रथिने यांत उणीव राहू शकते. पुडा ओळखणे, हाकेला कमी प्रतिसाद आणि सहा-सात शब्द हे तुम्ही एकाच दमात लिहिले आहे, म्हणून त्याच्या खाण्याबरोबर त्याचा एकूण विकास आणि ऐकणेही तपासून घ्या. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला हेच शब्द सांगितले, तर ते पुढे पाठवण्याची सोय करतात. निदान मी इथे करणार नाही, मूल पाहिल्याशिवाय ते करूही नये. तोवर असलेले चार पदार्थ सांभाळा, त्यांत काही लपवून घालू नका. त्याला कळले, तर तोही पदार्थ जाईल.

शाहूपुरीचे आजोबा

ठसक्याचे मला ठाऊक नव्हते. पण मोबाईल दाखवून भरवणे तरी आजपासून बंद करावे, यावर दुमत नसावे.

वाचा-उपचार करणारी, सांगली

आजोबा, यावर माझ्या सहकाऱ्यांमध्येही दुमत आहे. काही जण पहिल्या दिवसापासून बंद करतात. ज्याचे वजन आधीच घसरले आहे त्याचा मोबाईल मी एकदम काढत नाही, एका जेवणाला काढते आणि आठवडाभर वजन पाहते.

मंगळवार पेठेतली आई

आमच्याकडे मोबाईल हळूहळूच सुटला. काल संध्याकाळी रंकाळ्यावर मुलीने भेळेतले चुरमुरे एकेक करून उचलले, दाढेवर ठेवून चावले आणि चिंचेचे पाणी वेगळे चाटले. दोन्ही एकत्र केलेला घास अजून ती घेत नाही. पातळ आणि कोरडे एकाच वेळी तोंडात सांभाळणे ही सर्वांत अवघड पायरी आहे, असे तज्ज्ञांनी आधीच सांगून ठेवले होते. आमटी-भात अजून व्हायचा आहे.