मदत हवी आहे: माल न आल्यास ॲडव्हान्स परत मिळण्याचं कलम कसं लिहावं?

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या एका कारखान्याला टेरी टॉवेलची ४ लाखांची ऑर्डर द्यायची आहे. ३० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार आगाऊ मागितलेत. पीओमध्ये हे कलम घालतोय:

“ही रक्कम मालाच्या किमतीपोटी ॲडव्हान्स आहे, बयाणा नाही. मुदत हा या कराराचा गाभा आहे. ठरल्या तारखेनंतर ७ दिवसांत पूर्ण माल न आल्यास खरेदीदार लेखी कळवून ऑर्डर रद्द करू शकेल. तसं कळवल्यापासून १० दिवसांत पुरवठादार न आलेल्या मालापोटीचा ॲडव्हान्स परत करेल. उशीर झाल्यास त्यावर वार्षिक १२ टक्के व्याज देईल.”

“बयाणा नाही” मुद्दाम लिहिलंय, कारण पावतीवर नुसतं ‘टोकन’ असलं की रक्कम जप्त करायची की परत द्यायची, यावरूनच वाद पेटतो. दामदुप्पट भरपाई टाळली आहे. करार कायद्याच्या कलम ७४ नुसार कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं.

अडतंय ते अर्धवट मालावर. समजा, निम्मा माल आला आणि बिलातून पूर्ण १ लाख २० हजार वळते झाले, तर परत मागायला काही उरतच नाही. म्हणून प्रत्येक बिलात ३० टक्केच वळते करायचे, असं लिहावं का? म्हणजे उरलेल्या मालाचे ६० हजार स्पष्ट दिसतील.

शिवाय कलम ५५ प्रमाणे उशिराचा माल त्याच वेळी न कळवता स्वीकारला, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. “हक्क राखून माल घेतला” एवढं चलनावर लिहिणं पुरेल, की वेगळी नोटीस द्यावी? कुणी असं कलम वापरलं असेल, तर शब्दरचना कृपया इथे टाका.