मदत हवी आहे: पिल्लाचं नाव, ‘काजू’ की ‘टिकली’?

आमच्याकडे देशी कुत्र्याचं मादी पिल्लू आलंय, अडीच महिन्यांचं. लसी पूर्ण व्हायच्यात, म्हणून तिला घरीच ठेवून आम्ही दोघांनी शिवाजी पार्कात संध्याकाळी नावं हाकारून पाहिली. एक जण एका टोकाला, दुसरा पलीकडे, मध्ये क्रिकेटचा गलका.

यादीत ‘निको’, ‘मनू’, ‘काजू’ आणि ‘टिकली’. ‘मनू’ मऊ आहे, गलक्यात विरून गेलं. ‘निको’तल्या ‘नि’ची वेलांटी लांबून ऐकूच येईना आणि नाव थेट ‘नको’सारखं वाटलं. घरात चावू नये म्हणून आम्ही ‘नको’च म्हणतो, त्यामुळे ते बाद. ‘काजूऽऽ’ लांबवता येतं, खणखणीत पोचतं, पण ‘राजू’ समजून दोन मुलं वळली. ‘टिकलीऽऽ’तला ‘टि’ उठून येतो आणि शेवटची ‘ली’ हवी तेवढी ताणता येते. मला तेच आवडलंय.

अडचण एवढीच की सासूबाई आत्तापासूनच लाडानं ‘टिकू’ म्हणतात, आणि त्यांना थांबवायचं नाहीये. नाव अजून शिकवायला घेतलेलं नाही.

घरात ‘टिकू’ आणि मैदानात ‘टिकली’ असं दोन्ही चालवलेल्यांनी सांगा: मोकळं सोडल्यावर लांबून पूर्ण नावानं हाक मारली तर कुत्रं परत येतं का, की सुरुवातीला सगळ्यांनी एकच रूप वापरावं?