लंगरला गेलायत का? पंगत, वाढणं, भांडी, सेवा... तुमचे अनुभव सांगा

पुढच्या महिन्यात आईबाबांना घेऊन नांदेडला सचखंड हुजूर साहिबला जातोय. लंगरमध्ये जेवायचंय आणि जमलं तर थोडी सेवाही करायचीय. काय करावं काय करू नये, जे प्रत्यक्ष पाहिलंय ते लिहा.

मराठवाड्याची_लेक: माझं माहेर नांदेडचंच. डोकं झाकायचं, चपला जोडाघरात द्यायच्या, हात धुवायचे, थाळी घ्यायची आणि रांगेत जिथे जागा येईल तिथे बसायचं. मागे जागा ठेवून पुढे पळायचं नाही, घरचे सगळे शेजारीच बसले पाहिजेत हा हट्ट पण नको, त्याने पूर्ण ओळ अडते. थाळी जमिनीवर, मांडीवर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाबांच्या खिशात तंबाखूची पुडी असेल तर ती आत नेऊच नका. चपलांसोबत ठेवली तर चालेल असं नाही, आवारातच नको. ह्याबाबतीत ते लोक फार कडक असतात आणि आपल्याकडच्या अर्ध्या काकालोकांच्या ते लक्षातच नसतं.

खादाड_पुणेकर: रोटी, म्हणजे तिथे प्रसादा म्हणतात, ती थाळीत वाढत नाहीत. दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करायचे, वरून टाकतात. गुरूच्या घरचं म्हणून हात पसरून घ्यायचं. अजून एक, जयकारा होईपर्यंत कुणीच खायचं नसतं आणि पंगतीत दुसऱ्यांदा मागता येत नाही.

मराठवाड्याची_लेक: @खादाड दादा, पहिलं बरोबर, दुसरं अर्धं. छोट्या गुरुद्वारात सगळी ओळ बसून वाढून झाली की जयकारा होतो मग सुरू करतात, तिथे थांबा. पण अमृतसरला हजारो लोक एकामागून एक बसत असतात, तिथे शेजारचे काय करतायत ते बघा आणि तसं करा. आणि दुसऱ्यांदा हवं तेवढं मिळतं! दाल, प्रसादा, भाजी, बादल्या फिरतच असतात. उलट चूक पहिल्यांदाच जास्त घेण्यात होते, ताटात टाकलेलं बरं दिसत नाही. नको असेल तर थाळीवर आडवा हात धरा नाहीतर "बस जी" म्हणा.

सरदारजींचा_शेजारी: मी आमच्या भागातल्या गुरुद्वारात अधूनमधून वाढायला जातो. आपल्या लग्नाच्या पंगतीसारखा आग्रह तिथे करायचा नाही, हे सवयीने फार जड जातं 😄 कडछी थाळीला टेकवायची नाही, थोडं वरूनच सोडायचं, कारण ती एकाच्या उष्ट्याला लागली की पुढच्या सगळ्यांना लागते. प्रसादा हातात टाकतात त्यातही हाच फायदा आहे, वाढणाऱ्याचा हात थाळीला लागतच नाही. वाढताना पहिल्या बादलीत जरा कमी घ्यायचं, कारण वाकून वाकून ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत पाठ बोलायला लागते आणि मग दाल सांडते. आत स्वयंपाकघरात चव बघायची नाही, मीठ सुद्धा नाही. आधी थोडं काढून अरदास म्हणजे प्रार्थना होते, कृपाण लावतात, मग ते परत मोठ्या पातेल्यात मिसळून वाढायला घेतात.

चपातीक्वीन: सेवा म्हणून गेलात तर नवख्यांना बहुतेक लसूण, कांदा सोलायला नाहीतर पोळ्या लाटायला बसवतात. तिथे गोल येण्याचं कौतुक नाही, जाडी सारखी हवी. कडा जाड राहिल्या की मोठ्या तव्यावर मधला भाग भाजतो आणि कडा कच्च्या राहतात, मग भाजणारी बाई तीच पोळी परत परत दाबत बसते आणि मागे ढीग साठतो. कढाह प्रसादाला मात्र कुणी सांगितल्याशिवाय हात लावू नका, ते बऱ्याच ठिकाणी अमृतधारी, म्हणजे शीख दीक्षा घेतलेले सेवादारच करतात.

अमराठी_नव्हे: भांडी धुवायची सेवा मला सगळ्यात आवडते. आधी उष्टं बाजूच्या पिंपात झाडायचं, मग साबणाचं टाकं, मग साध्या पाण्याच्या दोन-तीन टाक्या एकीमागे एक. नवीन माणूस साबणाची थाळी थेट शेवटच्या टाकीत बुडवतो आणि ते पाणी लगेच बुळबुळीत होतं, मग सगळं पाणी बदलावं लागतं. शेवटच्या टाकीतून काढलेल्या थाळीवर अंगठा फिरवा, सरकला तर तूप राहिलंय, मागे द्या.

गुडघेदुखी: नांदेडला मुक्कामाला खोली मिळते का, आणि जमिनीवर बसता येत नसेल तर? माझी मुलगी सरे, कॅनडात असते, तिथे कुठे कुठे टेबलखुर्च्या होत्या म्हणे.

सरदारजींचा_शेजारी: काकू, तिथे त्यावरून मोठा वाद झाला. 1998 साली अकाल तख्तने, म्हणजे शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, हुकूमनामा काढला की लंगर जमिनीवर बसूनच. गरीब-श्रीमंत सगळे एका पातळीवर बसतील हा मुद्दा. पण म्हाताऱ्या, आजारी माणसांना कडेला बाकडं देतात असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

चपातीक्वीन: मग एकाने खुर्ची घेतली की बाकीच्यांपेक्षा उंच झालाच ना? आमच्या इथल्या एक आजी नाही म्हणतात, भिंतीला टेकून पाय पसरून जमिनीवरच बसतात.

सरदारजींचा_शेजारी: त्यावर तिथल्या लोकांचंही एकमत नाही हो. सेवादाराला विचारा, ते सांगतील तसं करा. खोलीचं यात्री निवासवाल्यांना आधी विचारून ठेवा, सणाला गर्दी असते.