खात्यात पैसे असताना हप्ता बाऊन्स, मग दंड कोणी भरायचा?

प्रशांत (नाशिक): होमलोनचा हप्ता ५ तारखेला ऑटो कट होतो. व्याजदर वाढल्यावर कर्ज देणाऱ्या कंपनीने हप्ता १९,२३३ तसाच ठेवून मुदत वाढवत नेली, म्हणून मी ब्रँचमध्ये अर्ज देऊन हप्ता २३,००० करून घेतला. पहिलाच वाढीव हप्ता बाऊन्स. खात्यात तेव्हा ४१ हजार होते. बँकेने ५९० कापले, कंपनीने वेगळे ७०० लावले. माझं म्हणणं, दोन्ही परत मिळायला पाहिजेत. घरच्यांचं म्हणणं भर आणि विषय संपव. तुमचं मत सांगा.

मंजिरी: दंड लागला म्हणजे आपलीच चूक असणार, बँक उगाच कापत नाही. त्या महिन्यात ५ तारखेला रविवार होता ना? रविवारी बँका बंद, म्हणजे हप्ता सोमवारी गेला असणार आणि तोपर्यंत तुमचे पैसे दुसरीकडे गेले असतील. माझ्या दिरांचं असंच झालं होतं. हप्त्याच्या आदल्या संध्याकाळीच पैसे खात्यात हवेत, शेवटच्या क्षणी टाकून चालत नाही.

संतोष (पुणे): ताई, आदल्या संध्याकाळचं तुमचं बरोबर आहे, रविवारचं नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून एनएसीएच, म्हणजे खात्यातून हप्ते आपोआप कापायची यंत्रणा, सगळे दिवस चालते, रविवार असो की दिवाळी. आधी सुट्टीचा हप्ता पुढच्या कामाच्या दिवशी लागायचा, त्या जुन्या हिशोबावर बसलेले लोक अजून अडकतात, कारण हप्ता रविवारी सकाळीच लागतो आणि कंपनीची पगाराची फाईल कोणीतरी सोमवारी ऑफिसात येऊन टाकणार.
पण प्रशांतचं प्रकरण बॅलन्सचं दिसतच नाहीये. प्रशांत, नेटबँकिंगला जा, मँडेटच्या यादीत, म्हणजे हप्ता कापायला तू दिलेल्या परवानग्यांच्या यादीत, तुझं UMRN, म्हणजे मँडेटचा नंबर शोध आणि त्याच्यासमोर मॅक्झिमम अमाऊंट किती आहे ते इथे लिही. एंड डेट पण बघ.

वसंत कुलकर्णी: मी बँकेतून रिटायर झालेलो आहे. मँडेटवर सही ग्राहकाची असते. किती रकमेपर्यंत, किती तारखेपर्यंत, सगळं त्याच कागदावर लिहिलेलं असतं. सही करताना वाचायचं नाही आणि नंतर बँकेच्या नावाने ओरडायचं हे मला पटत नाही. हप्ता वाढवायची मागणी यांचीच होती ना?

प्रशांत (नाशिक): बघितलं. मॅक्झिमम अमाऊंट २०,०००. एंड डेट २०४१ ची आहे, तिकडे अडचण नाही. पण काका, अर्ज घेताना ब्रँचमधल्या मॅडमनी नवीन हप्त्याचं पत्र दिलं, त्यात "पुढील महिन्यापासून २३,०००" असं छापलेलं आहे. मँडेट बदलावं लागेल हे ना तोंडी सांगितलं ना पत्रात आहे.

संतोष (पुणे): मग झालं ना स्पष्ट. २०,००० च्या मँडेटवर २३,००० ची मागणी आली की तुझ्या बँकेची सिस्टीम ती परत पाठवणारच, खात्यात ४१ हजार असोत की ४१ लाख, आणि बँकेने तसंच करायला पाहिजे कारण ती लिमिट तुझ्या सुरक्षेसाठीच आहे, उद्या कोणी चुकून जास्त रक्कम लावली तर ती थांबायला हवी. मी लोन ऑपरेशन्समध्ये बरीच वर्षं काम केलंय. हप्ता बदलला की मँडेटची लिमिट तपासणं हे कर्ज देणाऱ्याचं काम आहे, कारण मागणी तो लावतो, आणि स्वतःकडे नोंदवलेल्या मँडेटवर किती रक्कम आहे हे त्याच्या स्क्रीनवर दिसत असतं.
आता दंड. परत आलेल्या प्रत्येक मागणीला एक कारण जोडलेलं असतं. बॅलन्स कमी हे एक कारण, रक्कम मँडेटपेक्षा जास्त हे वेगळं, मँडेटची मुदत संपली हे आणखी वेगळं. ते कारण कंपनीकडे पोचलेलं असतं. ईमेल करून लेखी माग, फोनवर विचारू नकोस, फोनवर सगळे "बॅलन्स नव्हता सर" एवढंच सांगतात.

वसंत कुलकर्णी: संतोषराव, कंपनीची जबाबदारी थोडीफार मान्य. पण आमच्या वेळी फॉर्म भरताना लोकांना सांगितलं की लिमिट हप्त्याच्या दीडपट टाका, दर वाढला तर पंचाईत नको, तर ऐकायचे नाहीत. "जास्त रक्कम टाकली तर जास्त कापाल" म्हणून भांडायचे. २० हजार स्वतः लिहायचे आणि हप्ता २३ झाला की दोष दुसऱ्याचा.

मंजिरी: काका, भीती खरी आहे ना पण! कोऱ्या चेकवर सही केल्यासारखं वाटतं ते.

संतोष (पुणे): वाटतं, पण तसं नसतं. मॅक्झिमम अमाऊंट ही वरची मर्यादा. कापली जाते ती त्या महिन्याची मागणी. फ्लोटिंग दराच्या कर्जाला मर्यादा हप्त्याला अगदी चिकटून ठेवली की पुढे बाऊन्स होणारच. प्रशांतच्या आकड्यांवरूनच बघा. प्रशांत, मूळ कर्ज किती आणि कधीचं?

प्रशांत (नाशिक): २०२१, २५ लाख, २० वर्षं, ६.९ टक्क्यांनी. नंतर दर ९.४ झाला.

संतोष (पुणे): बरोबर, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून ६.५ टक्के झाला, ते अडीच टक्के तुझ्यावर पूर्ण आले. दोन वर्षांनी मुद्दल साधारण पावणेचोवीस लाख उरलं असणार, त्याच्यावर ९.४ ने महिन्याचं नुसतं व्याजच १८,६०० च्या आसपास होतं. म्हणजे १९,२३३ भरून मुद्दलात जेमतेम सहाशे रुपये जायचे, आणि त्या चालीने कर्ज फिटायला ३६ वर्षं लागली असती. मूळ उरलेल्या १८ वर्षांत फेडायचं तर हप्ता २२,८०० च्या वर जातो. म्हणून २३,००० चा निर्णय अगदी योग्य होता, उलट कंपनीने तो पर्याय तुला आधीच द्यायला हवा होता. रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक तेच सांगतं, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत वाढवायची की दोन्ही हे कर्जदाराला विचारायचं.

रूपाली (चिपळूण): माझ्या एसआयपीचं पण असंच झालं. हजार रुपयांची एसआयपी, खात्यात नऊशे होते, म्युच्युअल फंडाने काही दंड नाही लावला पण बँकेने ५९० घेतले. हजाराच्या एसआयपीला ५९० दंड हे कुठल्या न्यायात बसतं? आणि सलग तीन महिने गेली नाही तर एसआयपी बंदच करून टाकतात. प्रशांत, तुम्ही पण एसआयपी कमी करून बघा.

प्रशांत (नाशिक): रूपालीताई माझं होमलोन आहे हो, एसआयपी नाही. पण ५९० बद्दल तुमचा राग समजतो.

संतोष (पुणे): रूपालीताई, तुमच्या केसमध्ये बॅलन्स खरंच कमी होता, त्यामुळे दंड नियमात बसतो, रक्कम अवाजवी आहे हे मात्र मलाही मान्य. तुमच्याकडे एसआयपीची तारीख बदलून घेणं एवढाच उपाय, पगारानंतर तीन-चार दिवस ठेवा.

इरफान (सोलापूर): मुदत संपायचा प्रकार आमच्याकडे झालाय. अब्बूंचं गाडीचं कर्ज, २०२० च्या मोरॅटोरियममध्ये काही हप्ते पुढे ढकलले, मुदत वाढली. मँडेट मात्र जुन्या शेवटच्या तारखेलाच संपलं. त्यानंतरचे हप्ते एकामागून एक परत, आणि वसुलीवाले घरी. अब्बू पासबुक दाखवत होते की पैसे आहेत, घ्या. कोणी ऐकलं नाही. शेवटी कर्ज खात्यात डायरेक्ट भरलं, पण दंड गेला तो गेलाच. वसंतकाका, यात अब्बूंनी काय वाचायला हवं होतं? सही केली तेव्हा मोरॅटोरियम कोणाच्या स्वप्नात नव्हता.

वसंत कुलकर्णी: इरफान, तुमच्या बाबतीत मी कंपनीलाच दोष देईन. मुदत त्यांनी वाढवली, मँडेटही त्यांनीच नवं घ्यायला हवं होतं. प्रशांतच्या बाबतीत मात्र माझं मत तेच, बदल त्यांनी मागितला.

मंजिरी: पण बदल मंजूर कोणी केला काका? मंजूर करणाऱ्याने बघायचं ना पैसे कुठल्या मँडेटने येणार? रविवारचं माझं चुकीचं होतं ते ठीक, पण हे ऐकून मी आता प्रशांतच्या बाजूने.

प्रशांत (नाशिक): अपडेट. कंपनीकडून लेखी उत्तर आलं, कारण "रक्कम मँडेट मर्यादेपेक्षा जास्त". मग माझ्या बँकेच्या चार्जेसची यादी काढली. त्यात रिटर्न चार्ज फक्त "फायनान्शियल रीझन" साठी, म्हणजे बॅलन्स कमी असेल तर आहे, ५०० अधिक १८ टक्के जीएसटी. कंपनीचा ईमेल आणि त्या दिवसाचं स्टेटमेंट जोडून तक्रार केली, ५९० परत आले. कंपनी मात्र ७०० सोडायला तयार नाही, म्हणते करारात "कोणत्याही कारणाने अनादर झाल्यास" असं लिहिलंय. आणि आता परत तीच मागणी लावू म्हणतात, २०,००० च्याच मँडेटवर!

संतोष (पुणे): ते आधी थांबव, परत लावली तर परत बाऊन्स आणि परत ७००. हप्ता कर्ज खात्यात स्वतः भरला आहेस का? थकबाकी दिवसअखेर मोजतात, तुझ्या मँडेटचा घोळ त्यांच्या सिस्टीमला कळत नाही, आणि क्रेडिट ब्युरोकडे आता पंधरवड्याला माहिती जाते. भरल्याची पावती जोडून "पुन्हा मागणी लावू नये" असं लेखी दे. नवीन मँडेट नेटबँकिंगने किंवा आधार ओटीपीने कर, लिमिट ३० हजार टाक, आणि ते ॲक्टिव्ह दिसल्याशिवाय जुनं रद्द करू नकोस.

प्रशांत (नाशिक): हप्ता कळल्या दिवशीच भरला. मागणी थांबवायचा मेल आता टाकतो. ७०० चं काय?

वसंत कुलकर्णी: करारात वाक्य आहे तर भरा. सातशेसाठी वर्षभर पत्रव्यवहार कशाला?

संतोष (पुणे): इथे मी काकांशी सहमत नाही. करारातलं वाक्य कर्जदाराच्या चुकीसाठी आहे. २३,००० चं पत्र कंपनीचं, २०,००० चं मँडेट कंपनीच्या सिस्टीममध्ये, दोन्ही कागद प्रशांतच्या हातात आहेत. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहायचं, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर पुढे जायचं, कंपनी हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे, साधी एनबीएफसी असेल तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. फी नाही, वकील लागत नाही.

इरफान (सोलापूर): प्रशांतभाऊ, निकाल काहीही लागला तरी इथे टाका. अब्बूंचे कागद मी अजून जपून ठेवलेत.

प्रशांत (नाशिक): टाकतो. मेल पाठवला, कंपनीकडे तक्रार क्रमांक मिळाला आहे. नवीन मँडेट ३०,००० चं, सध्या "पेंडिंग" दाखवतंय.