चेक वटला नाही म्हणून फौजदारी हवीच का?

निफाडचा_बागायतदार: द्राक्षाच्या व्यापाऱ्याचा 2,40,000 चा चेक परत आला. वकील म्हणतात कलम 138 लावू, म्हणजे चेक न वटल्याची फौजदारी केस. पण उधारीसाठी जेलची भीती घालणं पटत नाही. दिवाणी दावा पुरत नाही का? आणि या केसेस इतक्या का रखडतात?

दुकानदार: नकोच फौजदारी. कर्ज देणारे आधी कोरे चेक घेऊन ठेवतात आणि हप्ता थकला की एकदम शेकड्याने फिर्यादी घालतात. कोर्ट म्हणजे त्यांचं वसुली खातं झालंय. 2020 मध्ये सरकारनेच हा गुन्हा काढायचा प्रस्ताव आणला होता.

तालुका_कोर्टातला: प्रस्ताव आला, व्यापाऱ्यांनीच विरोध केला. दिवाणी हुकूमनामा हातात आला तरी वसुलीची दरखास्त वेगळी चालवावी लागते, म्हणून माणसं फौजदारीकडे येतात. आणि चेक परत आला की लगेच गुन्हा होत नाही. समजा, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो 10 मार्चला मिळाला. 30 दिवसांत, म्हणजे 9 एप्रिलपर्यंत नोटीस निघाली पाहिजे. ती समोरच्याला 2 एप्रिलला मिळाली, तर पैसे द्यायला त्याला 17 एप्रिलपर्यंत मुदत. तोवर दिले तर विषय संपला. नाही दिले, तर 18 मेपर्यंत फिर्याद. घाईने 17 एप्रिल संपायच्या आधी घातलीत, तर ती टिकत नाही. नोटिशीत चेकचीच रक्कम मागा. व्याज, खर्च हवा तर वेगळा दाखवा. मागणीचा आकडाच चुकला तर पुढे सगळं ओमफस.

गावचा_भाऊ: त्याने नोटीस घेतलीच नाही तर? आमच्याकडे पाकीट परत आलं आणि आम्ही केस सोडून दिली.

तालुका_कोर्टातला: उगाच सोडलीत, भाऊ. पत्ता बरोबर असेल तर नोटीस पोचली असंच धरतात. खरं घोडं अडतं ते पुढे, समन्सवर. पोलिसांना त्याची घाई नसते. आरोपी गाव बदलतो, मग वॉरंट, तेही बजावणीविना परत. सुप्रीम कोर्टाच्या नोंदीप्रमाणे 2019 अखेर देशभरात अशा 35.16 लाख केसेस पडून होत्या.

दुकानदार: म्हणजे माझंच खरं. खटला चालतच नसेल तर गुन्हा ठेवून उपयोग काय?

तालुका_कोर्टातला: आरोपी हजर झाला की बरेच जण तडजोडीला येतात. 2018 पासून कोर्ट चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईही देववू शकतं. पण आरोपी आधी कोर्टात दिसायला हवा ना!

निफाडचा_बागायतदार: माझा मेमो 26 दिवसांपूर्वीचा आहे. व्यापारी "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणतोय.

गावचा_भाऊ: आमचाही हेच म्हणायचा.

तालुका_कोर्टातला: दादा, त्याला द्यायचं तेव्हा देऊ दे. तुम्ही उद्या सकाळी पोस्टात जा.