धोक्याचं टिपण एमएसईतच की वेगळं?

दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट: सरांच्या डिक्टेशनवरून नोट मी लिहिते. परवाचं डिक्टेशन असं: "बेचाळीसचा शेतकरी, मान खाली, हळू बोलतो. म्हणतो जीव नकोसा झालाय, पण मुलगी लहान आहे, काही करणार नाही. बायको सांगते, गेल्या आठवड्यात फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन गोठ्यात बसला होता. दारू रोज." यातून एमएसई, म्हणजे मनःस्थितीच्या तपासणीची नोंद, लिहिल्यावर आत्महत्येच्या धोक्याचा भाग वेगळा काढायचा का? एकच गोष्ट दोनदा लिहिल्यासारखं वाटतं.

वऱ्हाडी: वेगळा नको. मरणाचे विचार एमएसईच्या थॉट कंटेंटमध्येच, म्हणजे मनात काय विचार आहेत त्या रकान्यातच येतात. वेगळा भाग केला की पुढचा डॉक्टर फक्त "धोका कमी" वाचतो आणि वरचा माणूस वाचायचाच राहतो.

जुना मानसोपचारतज्ज्ञ: विचारांचं बरोबर आहे. पण तो डबा एमएसईत कुठे बसवणार? एमएसई म्हणजे त्या मुलाखतीत आपल्याला दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच. डब्याचं बायकोनं सांगितलंय. म्हणून मूडपुढे त्याचेच शब्द: "जीव नकोसा झालाय". अफेक्टबद्दल, म्हणजे चेहऱ्यावर दिसणाऱ्या भावनेबद्दल, सर काही बोललेले नाहीत; मान खाली होती म्हणून तिथे "उदास" लिहू नका, सरांना विचारा. धोक्याच्या भागात मात्र सगळं शेजारी शेजारी येऊ द्या: जीव नकोसा झालाय म्हणतो, काही करणार नाही म्हणतो, पण बायकोच्या सांगण्याप्रमाणे आठवड्यापूर्वी डबा हातात होता, रोजची दारू आहे, मुलीसाठी थांबलाय. असं मांडलं की त्याचं "करणार नाही" किती कच्चं आहे ते दिसतं. आणि डबा आज कुठे आहे, हे डिक्टेशनमध्ये नाहीच. आधी फोन त्यासाठी करा.

टंकलेखिका: मी अशाच नोट टाइप करायचे. नमुन्यात "भास" असा रकाना होता. डॉक्टर त्यावर काही बोलले नाहीत की मी "नाहीत" टाकायचे, रकाना रिकामा बरा दिसत नाही म्हणून. पुढे एक पेशंट भरती झाला. त्याला कित्येक महिने आवाज ऐकू येत होते, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हापासून मी "विचारल्याची नोंद नाही" असंच लिहिते.

जुना मानसोपचारतज्ज्ञ: ताई, आत्महत्येच्या रकान्यात तर हे शंभरदा पाळावं. "नाही म्हणाला" आणि "विचारलं नाही" यांत जिवाचं अंतर आहे.

वऱ्हाडी: डब्याचं पटलं. पण मग शेवटी कमी, मध्यम की जास्त, ते लिहायचं ना? रात्रपाळीच्या माणसाला पान वाचायला वेळ नसतो.

जुना मानसोपचारतज्ज्ञ: उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं 2022 च्या मार्गदर्शिकेत, स्वतःला इजा करून घेतलेल्यांची अशी कमी-मध्यम-जास्त वर्गवारी करून उपचार ठरवू नका, असं सांगितलंय. त्या शब्दांवरून पुढे कोण जीव देईल ते कळत नाही. त्या जागी दोन ओळी लिहा: कशानं धोका वाढेल आणि आज काय ठरलं. "डबा भावाकडे दिला, रात्री बायको सोबत, परवा परत बोलावलं", पण हे खरंच झालं असेल तरच.

वऱ्हाडी: दोन ओळी चालतील. तरी आमच्या वॉर्डात एका शब्दाशिवाय कुणी खाटेजवळ माणूस बसवत नाही, त्याचं काय करू?

दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट: सरांशी बोलले. डब्याचं त्यांनी विचारलं नव्हतं. आता बायकोला फोन लावतेय.